टेबल लॅम्पचं एकच पान उजळतंय : शेड बदलू, हार्प बदलू की बल्ब?

सुमेधा_सहकारनगर
नमस्कार मंडळी. सासरे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. संध्याकाळी दिवाणखान्यातल्या त्यांच्या खुर्चीत बसून पेपर आणि पोथी वाचतात. उजव्या हाताला छोटं टेबल, त्यावर धाकट्या दिरांनी न्यू जर्सीहून परतताना आणलेला पितळी लॅम्प. शेड वर निमुळती, खाली पसरट, मोतिया रंगाच्या कापडाची. दिव्याभोवती तारेची कमान आहे, तिच्या टोकावर शेड बसते आणि वरून पितळी घुंडी फिरवायची. या कमानीला हार्प म्हणतात एवढं शोधून कळलं.

अडचणी दोन. पोथीचं उजवं पान लख्ख दिसतं आणि डाव्या पानावर तिरकी सावली पडते. त्यामुळे बाबा सारखे पुस्तक सरकवतात, नाहीतर मान वाकडी करून बसतात. ९ वॉटचा एलईडी काढून १५ वॉटचा लावला, तर उजवं पान डोळ्यांवर येतं आणि डावं होतं तसंच. दुसरी गोष्ट, शेडच्या कापडावर आतून करपल्यासारखा तपकिरी डाग आहे. दीर म्हणतात तिकडे १०० वॉटचा जुना बल्ब लावत असत. आता नवी शेड घ्यायची म्हणते. शेड कुठल्या आकाराची घ्यावी आणि बल्ब किती वॉटचा, म्हणजे वाचायला नीट दिसेल आणि कापडही जळणार नाही?

केदार_प
१५ वॉटने होत नसेल तर २० लावा. एलईडी गरम होत नाही, त्यामुळे शेडची काळजीच नको. वयस्कर माणसांना उजेड जास्तच लागतो.

मिहिर१७
मी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी वाकवता येणाऱ्या मानेचा क्लॅम्पवाला दिवा घेतलाय. टेबलाच्या कडेला चिमटा लावायचा, हवा तिथे उजेड. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत निम्म्या पोरांकडे तोच आहे. तुम्हीही तोच घ्या.

सुमेधा_सहकारनगर
मिहिर, बाबा टेबलावर वाचत नाहीत रे, खुर्चीत मांडीवर पुस्तक धरून वाचतात. आणि दिरांनी हौसेने आणलेला दिवा आहे, तो माळ्यावर टाकवत नाही.

नाना_दिवेदुरुस्ती
सुमेधाताई, नवी शेड घ्यायची घाई करू नका. आधी दोन गोष्टी बघून सांगा.

एक, तो तपकिरी डाग गोल कड्यासारखा सगळीकडून आहे की एकाच बाजूला?

दोन, एक दोरा घ्या. दिवा बंद करून बल्ब गार होऊ द्या. दोऱ्याचं एक टोक बल्बच्या पांढऱ्या गोळ्याच्या मध्यावर धरा, दोरा शेडच्या खालच्या कडेला टेकवून सरळ ताणा आणि बाबांच्या पुस्तकाच्या दिशेने न्या. बाबांना पुस्तक धरून नेहमीसारखं बसायला सांगा. दोरा पुस्तकावर कुठे टेकतो ते बघा. दोऱ्याच्या अलीकडे बल्बचा थेट उजेड पडतो. पलीकडे फक्त कापडातून गाळून आलेला आणि भिंतीवरून परतलेला.

गिरीश_पौडरोड
नाना, दोऱ्याची युक्ती फारच छान. हा निव्वळ समरूप त्रिकोण आहे. ताई, आकडे दिलेत तर मी गणित करून देतो.

शुभांगी_नि
थोडं वेगळं. आमच्याकडे उलटा त्रास आहे. आई जमिनीवर बसून निवडणं-टिपणं करते आणि तिला शेडखालून नागडा बल्ब थेट डोळ्यांत दिसतो. सोफ्यावरच्या माणसाला काही त्रास नाही.

सुमेधा_सहकारनगर
मोजलं. बाबांनी उत्साहाने दोऱ्याचं टोक धरलं.

डाग एकाच बाजूला आहे, भिंतीकडच्या. शेडच्या वरच्या कडेपासून चार बोटं खाली, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा. त्या बाजूला बल्ब आणि कापड यांत साडेचार सेंटिमीटर जागा आहे, समोरच्या बाजूला नऊ.

दोरा बरोब्बर पुस्तकाच्या शिवणीपाशी टेकला!

आकडे असे. जमिनीपासून बल्बच्या गोळ्याचा मध्य ११२ सेंमी. शेडची खालची कड ९६. शेडची खालची रुंदी ३५, वरची १५, उंची २४. बाबांचे डोळे १०५ वर. पुस्तक साधारण ७० वर. लॅम्पच्या मध्यापासून पुस्तकाची शिवण ४६-४७ सेंमी, डाव्या पानाची पलीकडची कड ६० च्या आसपास. ही मापं ९ वॉटचा बल्ब परत लावून घेतली आहेत. हार्प ८ इंचांचा निघाला, खालच्या पट्टीपासून वर शेड टेकते तिथपर्यंत.

गिरीश_पौडरोड
मग सोपं आहे. शेडची कड बल्बच्या मध्यापासून १६ सेंमी खाली आणि साडेसतरा सेंमी बाजूला. म्हणजे उजेड दर १६ सेंमी खाली उतरताना साडेसतरा बाहेर पसरतो. पुस्तक बल्बपासून ४२ सेंमी खाली. ४२ ला साडेसतराने गुणून १६ ने भागलं की ४६. शिवणीवरच सावली का पडते ते कळलं.

आता १५ वॉटने डावं पान का उजळलं नाही तेही दिसतं. पसारा कड ठरवते, वॉट नाही. वॉट वाढले की उजळ भाग जास्त उजळ होतो, तिरकी रेघ जागच्या जागी राहते.

नाना_दिवेदुरुस्ती
गिरीशने काम हलकं केलं. त्यात एक भर. १५ वॉटचा एलईडी अंगाने मोठा आणि लांब असतो. तो लावला की उजेडाचा गोळा शेडमध्ये आणखी वर सरकतो, त्यामुळे पसारा उलट थोडा आवळतो. ताईंना "डावं होतं तसंच" वाटलं, प्रत्यक्षात सावली बोटभर उजव्या पानाकडेच आली असणार.

आता हार्पकडे येऊ. हार्प उंच केला की बल्ब जागेवर राहतो आणि शेड वर जाते. बल्ब शेडच्या कडेजवळ येतो आणि पसारा वाढतो. ८ च्या जागी साडेनऊ इंचांचा हार्प लावला तर शेड ३.८ सेंमी वर जाईल, कड येईल ९९.८ वर. मग ती बल्बपासून १२.२ सेंमीच खाली. ४२ गुणिले साडेसतरा भागिले १२.२, म्हणजे ६०. बाबांच्या डाव्या पानाची पलीकडची कड तिथेच आहे. शेड तीच, बल्ब तोच.

केदार_प
मग सरळ ११ किंवा १२ इंचांचा घ्या की. आणखी पसरेल.

नाना_दिवेदुरुस्ती
केदार, उजेड पसरेल, पण दोन गोष्टी बिघडतील. होल्डरच्या खाली हार्पचे पाय अडकवायची दोन कानांची पट्टी असते. शेडच्या कडेने ती पट्टी झाकली गेली पाहिजे. ताईंच्या मापावरून ती जमिनीपासून साधारण १०० वर असेल. साडेनऊच्या हार्पने कड ९९.८ वर येते, पट्टी जेमतेम झाकते. १२ चा लावला तर कड १०६ वर जाईल. मग होल्डर, वायर, सगळं उघडं दिसेल. आणि बाबांचे डोळे १०५ वर आहेत, म्हणजे कड डोळ्यांच्या वर. बाबा जरा खाली वाकले की बल्ब थेट दिसायला लागेल आणि पान उजळ असूनही वाचवणार नाही. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली शेडची कड, हा या कामातला पहिला नियम.

शुभांगीताई, तुमच्या आईंचं उत्तरही यातच आहे. जमिनीवर बसलेल्या माणसाचे डोळे ७०-७५ सेंमीवर येतात. खुर्चीसाठी बसवलेली शेड त्यांना नेहमीच उघडी दिसणार. त्यांच्यासाठी बुटक्या चौरंगावर वेगळा लहान दिवा ठेवा. एकाच दिव्यातून दोन्ही साधत नाही.

शुभांगी_नि
चौरंग आहे घरात. आज करून बघते. धन्यवाद नाना.

सुमेधा_सहकारनगर
नाना, आणि तो डाग? तो हार्पने जाईल?

नाना_दिवेदुरुस्ती
पडलेला डाग जाणार नाही, पण का पडला ते तुमच्या मापातच आहे. एका बाजूला साडेचार, दुसऱ्या बाजूला नऊ, म्हणजे शेड कलली आहे. हार्पचा एक पाय वाकलाय किंवा होल्डर तिरपा बसलाय. जुना १०० वॉटचा बल्ब घेतलेल्या विजेपैकी बहुतेक सगळी उष्णतेतच घालवतो. त्याच्या काचेपासून कापड इतकं जवळ आलं की महिनोन्महिने ते भाजत राहतं. आधी पिवळट, मग तपकिरी, मग बोट लावलं की भुगा. बल्ब शेडच्या वरच्या तोंडाच्या फार जवळ असता तर डाग वरच्या बाजूला कड्यासारखा सगळीकडून पडला असता, कारण गरम हवा वर जाते. तुमचा एकाच बाजूचा आहे, तेव्हा दोष कलण्याचा.

निमुळत्या शेडमध्ये ही काळजी जास्त घ्यावी लागते. बल्ब जितका वर, तितकी शेड अरुंद आणि कापड जवळ. तुमच्या शेडमध्ये बल्बच्या टोकाशी आत्ता रुंदी साधारण २० सेंमी असेल. हार्प उंच केल्यावर तीच जागा २३ च्या आसपास होईल, शिवाय बल्बच्या डोक्यावरची मोकळी जागाही वाढेल. म्हणून म्हणतो, आधी हार्प, मग शेड, आणि वॉट सगळ्यात शेवटी.

डागाच्या जागी कापड नखाने हलकेच दाबून बघा. चिवट असेल तर डागाची बाजू भिंतीकडे फिरवा आणि वापरा. कुरकुरीत झालं असेल तर शेड बदला. असं कापड पुढे ठिसूळच होत जातं.

केदार_प
पण एलईडीला उष्णतेचा प्रश्नच नाही हे तरी बरोबर ना?

नाना_दिवेदुरुस्ती
निम्मं बरोबर. एलईडीने कापड करपणार नाही, काच तशी तापत नाही. पण तासभर चालवून, बंद करून, गोळ्याखालच्या मानेला हात लावून बघ. चांगली तापलेली असते. आतलं सर्किट तिथेच असतं. शेड वरून मोकळी असेल तर गरम हवा निघून जाते. काही लोक धूळ नको म्हणून शेडच्या वर पुठ्ठा किंवा रुमाल ठेवतात. मग शेड शाबूत राहते आणि बल्ब अकाली जातो, किंवा मधूनच लुकलुकायला लागतो. तक्रार मात्र "आजकालचे बल्ब टिकत नाहीत" अशी येते.

होल्डरवर कमाल ६० वॉट असं लिहिलेलं असतं, ती मर्यादा बल्बने खरोखर घेतलेल्या वॉटची. एलईडीच्या खोक्यावर "६० वॉटच्या जुन्या बल्बइतका उजेड" असतं, त्याचा इथे संबंध नाही. ९ चा एलईडी ९ च घेतो.

अश्विनी_शेड्स
मी शेड शिवून देते, म्हणून माझंही मत. नानांचं गणित बरोबर आहे, पण अस्तर विसरू नका. मोतिया कापडाला आतून पांढरं अस्तर असेल तर उजेड परतून खाली येतो आणि सावलीची रेघ मऊ होते. गडद किंवा सोनेरी अस्तराची शेड दिसते देखणी, पण वाचायला कामाची नाही. गिऱ्हाईक मरून रेशीम घेऊन येतं आणि "वाचायला हवी" म्हणतं, तेव्हा मी तोंडावर नाही म्हणते.

आणि माझ्या अनुभवात वाचायला सरळ उभ्या भिंतीची डब्यासारखी गोल शेड जास्त सोयीची. वर-खाली रुंदी सारखी, बल्बला वरही मोकळी जागा.

नाना_दिवेदुरुस्ती
अश्विनीताई, अस्तराचं शंभर टक्के मान्य. गोल डब्याबद्दल इतकंच, की खालची रुंदी तीच, म्हणजे ३५ ठेवलीत तर पसारा तोच येतो आणि वर हवा खेळते, हा फायदा खरा. पण बाजारात तयार मिळणारे डबे बहुधा २५-३० चे असतात. ताईंच्या याच हार्पवर ३० चा डबा बसवला तर उजेड ४० सेंमीच्या आतच संपेल, उजवं पानही पुरं उजळायचं नाही. शिवाय डबा वरून रुंद असल्याने छतावर मोठं वर्तुळ पडतं. काहींना ते आवडतं, काहींना खुपतं.

अश्विनी_शेड्स
छतावरच्या उजेडाने खोलीचा काळोख कमी होतो, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांना तेच बरं. काळोखात एकच उजळ पान बघत बसलं तर डोळे शिणतात. माझं मत डब्याच्याच बाजूने.

प्रकाश_धायरी
हार्प, फिनियल म्हणजे ती वरची घुंडी, वगैरे इथे मिळतं का पण? आपल्याकडच्या लॅम्पना तर होल्डरवरच्या रिंगमध्ये शेड अडकवतात. तपकीर गल्लीत मी हार्प मागितला तर दुकानदाराने मला वाद्यांच्या दुकानाचा पत्ता दिला!

नाना_दिवेदुरुस्ती
हाहा, गल्लीत हार्प म्हणून मागू नका. लॅम्प हातात घेऊन जा आणि कमान दाखवा. बहुतेकांकडे नसतोच, रिंगवाले होल्डर भरपूर मिळतात. ऑनलाइन इंचाच्या मापात मिळतो. घेताना पायांची टोकं पट्टीच्या कानांत बसतील का आणि वरचा आटा तुमच्या घुंडीचाच आहे का एवढं पाहा. अमेरिकन घुंडीचा आटा बारीक असतो, इथला स्क्रू तिथे बसत नाही. म्हणून जुनी घुंडी हरवू नका.

जुना हार्प काढायचा असेल तर पायांशी दोन छोट्या नळ्या असतात, त्या वर सरकवायच्या आणि पाय आत दाबायचे. काहींना नळ्या नसतात, नुसतं दाबलं की सुटतो. पक्कड लावू नका, पाय त्यानेच वाकतात.

रिंगच्या लॅम्पवाल्यांना हे सगळं लागू आहे, फक्त उंची कमी-जास्त करता येत नाही. तिथे शेड घेतानाच रिंग किती खोल बसवली आहे ते बघावं लागतं.

गिरीश_पौडरोड
एक राहिलंच. लॅम्प अमेरिकेचा, तिकडे १२० व्होल्ट. ट्रान्सफॉर्मर लावलाय का ताई?

प्रकाश_धायरी
लागतोच. नाहीतर उडेल.

नाना_दिवेदुरुस्ती
साध्या लॅम्पला ट्रान्सफॉर्मर लागत नाही. आत नुसता होल्डर आणि वायर, व्होल्ट बल्ब बघतो. तिकडचा बल्ब मात्र इथे लावायचा नाही, क्षणात जातो. होल्डरवर काय छापलंय ते वाचा. २५० व्होल्ट असेल तर चालतो. १२५ असेल, किंवा हात लावून पेटणारा, उजेड कमी-जास्त करणारा प्रकार असेल, तर होल्डर बदलून घ्या. तिकडच्या होल्डरमध्ये आपला आट्याचा बल्ब बसतो, पिनचा नाही.

आणि अंग पितळी आहे, तेव्हा एकदा जाणत्या वायरमनकडून अर्थिंगची तीन तारांची वायर घालून घ्या. फेज होल्डरच्या तळातल्या पत्तीला, न्यूट्रल आट्याला. उलटं झालं तर बल्ब बदलताना आट्याला हात लागून झटका बसतो. ही गोष्ट पुढे ढकलू नका.

सुमेधा_सहकारनगर
सगळ्यांचे मनापासून आभार. साडेनऊचा हार्प मागवला होता, आला आणि बसलाही. जुन्याचा एक पाय खरंच वाकलेला निघाला. आता चारी बाजूंनी अंतर जवळपास सारखं आहे. डागाची जागा चिवट आहे, त्यामुळे शेड तीच ठेवली आणि डाग भिंतीकडेच राहू दिला. होल्डरवर २५० व्होल्ट छापलंय. वायरमन तीन तारांची वायर घालून गेला.

९ वॉटच्या बल्बवर दोन्ही पानं उजळतात. डाव्याची अगदी पलीकडची कड जरा मंद आहे, पण रेघ नाही. बाबा म्हणतात अक्षरं अजून थोडी ठळक दिसली तर बरं. १२ लावू का?

नाना_दिवेदुरुस्ती
लावा. त्यांच्या वयात तेवढं लागतंच. साठीनंतर डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचणारा उजेड विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण तिसरा हिस्साच उरतो. फक्त बल्बची लांबी ९ च्या बल्बाइतकीच असलेला निवडा, दुकानात दोन्ही शेजारी उभे करून बघा. लांब निघाला तर गोळा वर जाईल आणि डावी कड पुन्हा अंधारेल. लावल्यावर दोरा एकदा धरून बघा.

केदार_प
रंग पांढरा घ्या, ६५०० केल्विनवाला. अक्षर काळंभोर दिसतं.

अश्विनी_शेड्स
मोतिया शेडमध्ये ६५०० अजिबात नको, कापड आजारी दिसतं. ३००० च घ्या. संध्याकाळी डोळ्यांना आणि झोपेलाही पिवळाच बरा.

नाना_दिवेदुरुस्ती
माझ्याकडे येणारे म्हातारे वाचक बरेचदा मधला, ४००० चा पसंत करतात. पण हे ज्याच्या त्याच्या डोळ्यांवर आहे. मोतिबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांना पांढरा टोचतो असंही ऐकतो. ताई, दोन रंगांचे १२ चे बल्ब आणा, एकेक आठवडा लावा आणि बाबांनाच ठरवू द्या. उरलेला स्वयंपाकघरात लागेल.

सुमेधा_सहकारनगर
बाबांचं ऑपरेशन झालंय, दोन्ही डोळ्यांचं. ३००० आणि ४००० दोन्ही आणते.